रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी तुकडा गायब! एक मिलिमीटरचा डीएनए गुणसूत्रात दिसेनासा कसा होतो?

बाळाच्या हृदयात जन्मतःच दोष निघतो. डॉक्टर म्हणतात, एकदा गुणसूत्रांची तपासणी करून घ्या. रक्त दिलं जातं, दोन-तीन आठवड्यांनी कॅरिओटाइपचा रिपोर्ट हातात पडतो. वर 46,XX असं छापलेलं, खाली ‘नॉर्मल फिमेल कॅरिओटाइप’. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. काही महिन्यांनी बाळाला झटके येतात, रक्तातलं कॅल्शियम कमी निघतं, दुसरे डॉक्टर ‘फिश’ नावाची तपासणी सांगतात आणि तिच्यात कळतं की बावीस नंबरच्या दोन गुणसूत्रांपैकी एकावरचा एक तुकडा मुळातच नाही.

असं झालं की घरात पहिला प्रश्न येतो, मग आधीच्या लॅबने काय बघितलं? पैसे घेतले आणि खोटा रिपोर्ट दिला? बहुतेक वेळा तसं नसतं. दोन्ही रिपोर्ट खरे असतात. पहिल्या तपासणीत तो तुकडा दिसूच शकत नव्हता, आणि त्याचं कारण पेशी आपला डीएनए ज्या पद्धतीने गुंडाळते त्या पद्धतीत आहे.

या तुकड्याची जागा रिपोर्टात 22q11.2 अशी लिहितात. बावीस नंबरचं गुणसूत्र, त्याचा लांब हात, त्यावरचा अमुक पट्टा, एवढाच त्याचा अर्थ. साधारण चार हजार जन्मांमागे एका बाळात हा तुकडा गायब असतो, असा अंदाज नेहमी दिला जातो. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांचे दोष, टाळूचे दोष, कमी कॅल्शियम, कमकुवत प्रतिकारशक्ती हे त्याचे नेहमीचे परिणाम. बहुसंख्य रुग्णांत गायब भाग साधारण ३० लाख जोड्यांचा असतो. जोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी.

हा ३० लाखांचा तुकडाच धरून चालू आणि उघड्या डीएनएपासून गुणसूत्रापर्यंत त्याचं काय काय होतं ते बघू. हिशेब साधा गुणाकार-भागाकाराचा आहे.

उघडा धागा

डीएनएचा धागा २ नॅनोमीटर जाड असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. म्हणजे ३० लाख जोड्यांचा तुकडा सरळ ताणला तर लांबी होते १.०२ मिलिमीटर. शाळेच्या मोजपट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधलं अंतर! जाडी सोडा, लांबीपुरतं बोलायचं तर हा तुकडा डोळ्यांना दिसण्याएवढा आहे.

बावीस नंबरच्या अख्ख्या गुणसूत्रात साधारण ५ कोटी १० लाख जोड्या आहेत. त्याची सरळ लांबी सुमारे १.७ सेंटिमीटर. पेशी दुभंगायच्या वेळी तेच गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली साधारण २ मायक्रॉन लांब दिसतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १७ हजार मायक्रॉनचे २ मायक्रॉन झाले, म्हणजे लांबी आठ हजार पटींहून जास्त कमी झाली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एका पेशीतला सगळा डीएनए जोडला तर दोन मीटर होतो आणि केंद्रक जेमतेम १० मायक्रॉनचं, म्हणून जागा पुरत नाही आणि गुंडाळावं लागतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आकारमान काढून बघा. दोन मीटर लांब आणि २ नॅनोमीटर जाड धाग्याचं आकारमान होतं साधारण ६ घन मायक्रॉन. १० मायक्रॉनच्या गोल केंद्रकाचं आकारमान पाचशे घन मायक्रॉनच्या वर. धागा स्वतः एक टक्क्याच्या आसपासच जागा घेतो. मग अडचण काय आहे? डीएनए ताठ असतो आणि त्याच्यावर सगळीकडे ऋण विद्युतभार असतो, दर जोडीमागे दोन. धाग्याचे भाग एकमेकांना ढकलतात, त्यामुळे मोकळा सोडलेला धागा केंद्रकापेक्षा कितीतरी मोठ्या जागेत पसरतो. आणि सगळ्यात मोठी अडचण गुंत्याची. पेशी दुभंगताना ४६ धाग्यांच्या दोन-दोन प्रती एकमेकींत न अडकता वेगळ्या निघाल्या पाहिजेत. १.७ सेंटिमीटरचा धागा काही मायक्रॉनच्या पेशीत ओढून वेगळा करणं अशक्य आहे, २ मायक्रॉनची कांडी ओढणं शक्य आहे.

पहिली पायरी : पावणेदोन वेढेसुद्धा नाहीत

शहापूर-वडगाव भागात ज्यांनी मागावर काम केलंय त्यांना कांडी भरणं म्हणजे काय ते सांगायला नको. न्यूक्लिओसोम समजावताना बहुतेक जण अशीच रिळाची उपमा देतात. उपमा बरी आहे, पण एक फरक लक्षात ठेवायचा. कांडीवर सूत शेकडो वेढे घेतं. इथे एका रिळावर डीएनए फक्त १.६५ वेढे घेतो, तेही डाव्या वळणाचे, आणि पुढच्या रिळाकडे जातो. रिळं मात्र मोजदादीपलीकडे.

हे रीळ हिस्टोन नावाच्या प्रथिनांचं असतं. चार प्रकार, एच-३, एच-४, एच-२ए आणि एच-२बी, प्रत्येकाचे दोन-दोन नग, एकूण आठ. आधी एच-३ आणि एच-४ चे दोन-दोन नग मिळून चौघांचा गाभा डीएनएवर बसतो, मग दोन्ही बाजूंनी एच-२ए आणि एच-२बी ची एकेक जोडी येऊन चिकटते. या आठांभोवती १४७ जोड्यांचा डीएनए वळतो. तयार झालेली चकती सुमारे ११ नॅनोमीटर रुंद आणि साडेपाच नॅनोमीटर जाड असते.

१४७ जोड्या म्हणजे सरळ लांबी ५० नॅनोमीटर. गंमत अशी, की डीएनए एवढ्या लांबीपर्यंत आपणहून जवळजवळ सरळच राहतो, तेवढा तो ताठ आहे. पेशी नेमका तेवढाच भाग घेऊन पावणेदोन वेढ्यांच्या जवळ वाकवते. त्याला जोर लागतो. तो जोर हिस्टोनवरचा धन विद्युतभार पुरवतो. हिस्टोनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्लं भरपूर असतात. चकतीच्या वाटेवर १४ ठिकाणी डीएनएची अरुंद खाच आतल्या बाजूला येते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी हिस्टोन डीएनएच्या कण्याला पकडतो. पकड मुख्यतः कण्यावर असते, आतल्या अक्षरांवर नाही, त्यामुळे मजकूर कोणताही असला तरी रीळ बसू शकतं. शिवाय चौदातल्या कडेच्या पकडी अधूनमधून सुटतात, पुन्हा लागतात. त्या सुटण्यातूनच जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला वाव मिळतो.

दोन रिळांच्या मध्ये साधारण ५० जोड्यांचा मोकळा दोरा राहतो. प्रत्येक रिळावर डीएनए जिथून आत येतो आणि जिथून बाहेर पडतो त्या तोंडाशी बऱ्याचदा एच-१ हा पाचवा हिस्टोन बसतो आणि दोन्ही टोकं जवळ धरतो. एकूण दर २०० जोड्यांमागे एक न्यूक्लिओसोम धरायला हरकत नाही.

हा २०० चा आकडा सापडला त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७३ मध्ये ह्युइश आणि बर्गॉइन या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी उंदराच्या यकृताची केंद्रकं घेतली आणि केंद्रकातल्याच डीएनए कापणाऱ्या एंझाइमला काम करू दिलं. कापलेले तुकडे जेलमध्ये पळवले. तुकडे वाटेल त्या लांबीचे निघाले असते तर जेलमध्ये नुसता धूसर पट्टा आला असता. आले ते शिडीच्या पायऱ्यांसारखे नीट वेगवेगळे पट्टे. म्हणजे कात्री ठरावीक अंतरावरच चालत होती, मधला भाग कशाने तरी झाकलेला होता. पहिल्या पायरीची लांबी सुमारे २०० जोड्या, दुसरीची दुप्पट, तिसरीची तिप्पट. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये रॉजर कोर्नबर्गने आठ हिस्टोन आणि २०० जोड्या असा नमुना मांडला. त्याच सुमाराला ओलिन्स दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी चित्रं काढली. आणि १९९७ मध्ये झुरिकमध्ये कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी त्या चकतीची जवळजवळ अणूंपर्यंतची रचना उलगडली. ही शिडी आजही कोणत्याही चांगल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढता येते. मरणाऱ्या पेशीत डीएनए नेमका याच अंतरांवर कापला जातो, म्हणून पेशी ठरवून मेली का हे ओळखायलाही ती वापरतात.

आता आपल्या तुकड्याकडे. ३० लाखांना २०० ने भागलं की १५ हजार न्यूक्लिओसोम. एकाला एक लावून माळ केली आणि प्रत्येकी ११ नॅनोमीटर धरले तर लांबी १६५ मायक्रॉन. एक मिलिमीटरचा ०.१६५ मिलिमीटर झाला. लांबी सहा पट कमी.

लक्षात घ्या, गाठायचे आहेत आठ हजार पट. पहिल्या पायरीने, जिचं चित्र सगळ्यात जास्त छापलं जातं, सहा पट दिले. बाकीचे सुमारे चौदाशे पट अजून उरलेत.

पुस्तकातली दुसरी पायरी, जी पेशीत सापडत नाही

बारावीच्या कुठल्याही पुस्तकात पुढचं चित्र ठरलेलं असतं. मण्यांची माळ स्प्रिंगसारखी वळते, दर वेढ्यात सहा न्यूक्लिओसोम, आणि ३० नॅनोमीटर जाड दोरा तयार होतो. तो वळून आणखी जाड, तो वळून आणखी जाड, आणि शेवटी एक्स आकाराचं गुणसूत्र. दोरखंड वळल्यासारखी सुबक शिडी. क्लासवाल्यांच्या नोट्समध्येही हीच, आणि सीईटीला प्रश्नही हिच्यावरच.

३० नॅनोमीटरचा दोरा कुणी कल्पनेतून काढलेला नाही. १९७६ मध्ये फिंच आणि क्लुग यांनी केंद्रकातून काढलेल्या क्रोमॅटिनमध्ये थोडं मॅग्नेशियम घातल्यावर तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रत्यक्ष बघितला. क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि त्याला लागलेली प्रथिनं. घोळ कुठे झाला, तर नमुना पातळ करण्यात. माळ एकटी पाण्यात सोडली, आजूबाजूला दुसरी माळ नाही, तर तिचे मणी आपल्याच शेजाऱ्यांना चिकटतात आणि नीट वळलेला दोरा होतो. पेशीच्या आत मात्र सगळीकडे दुसऱ्या माळांची दाटी. तिथे एका माळेचा मणी आपल्या शेजाऱ्याला जितका चिकटतो तितकाच परक्या माळेच्या मण्यालाही. मग वेगळा, ओळखता येणारा दोरा उरतच नाही.

२००८ मध्ये माणसाच्या दुभंगत्या पेशी झटक्यात गोठवून, कुठलंही रसायन न घालता पातळ काप करून बघितले, तेव्हा गुणसूत्राच्या आत एकसारखी रवाळ खळ दिसली, ३० नॅनोमीटरचे दोरे दिसले नाहीत. तरी एक पुरावा अडून बसला होता. गुणसूत्रांवर क्ष-किरण टाकले की ३० नॅनोमीटरच्या जागी एक ठळक खूण यायची. २०१२ मध्ये जपानच्या काझुहिरो माएशिमा यांच्या गटाने तिचा छडा लावला. गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर रायबोसोमचे कण चिकटून राहत होते आणि खूण त्यांची होती. गुणसूत्रं धुऊन रायबोसोम काढले, खूण गेली! २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणखी एका गटाने डीएनएला खास रंग देऊन अख्ख्या केंद्रकात माळ मोजली. जाडी ५ ते २४ नॅनोमीटरच्या मध्ये, कशीही वाकडीतिकडी, आणि दुभंगत्या पेशीतही तीच माळ, फक्त जास्त दाट.

सरसकट ‘३० नॅनोमीटर खोटं’ म्हणणंही बरोबर नाही. कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत आणि तारामाशाच्या शुक्रपेशींत असे दोरे केंद्रकातच सापडलेत. या पेशी जवळजवळ बंद पडलेल्या असतात, डीएनए वाचायचं काम तिथे नसल्यातच जमा. आपल्या चालू पेशींत ती पायरी नेहमीची नाही, एवढंच. परीक्षेत मात्र अजून तरी पुस्तकातलं उत्तर लिहावं, गुण त्यालाच मिळतात.

खरं काम फास करतात

उरलेले चौदाशे पट मग कुठून येतात? उत्तराची पहिली झलक १९७७ मधली. पॉलसन आणि लेमली यांनी दुभंगत्या पेशीतलं गुणसूत्र घेतलं आणि त्यातले हिस्टोन धुऊन काढले. सगळं विस्कटून जाईल असं वाटणं साहजिक होतं. पण मध्ये गुणसूत्राच्याच आकाराचा एक सांगाडा शिल्लक राहिला आणि त्याच्यातून चारी बाजूंना डीएनएचे प्रचंड फास बाहेर पसरलेले दिसले, प्रत्येक फास सांगाड्यातून निघून पुन्हा तिथेच परतणारा. म्हणजे गुणसूत्राला आकार देणारं काहीतरी हिस्टोनपेक्षा वेगळं होतं.

ते काहीतरी म्हणजे मुख्यतः कंडेन्सिन. हे कड्याच्या आकाराचं प्रथिनयंत्र बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून तात्सुया हिरानो यांनी १९९७ मध्ये वेगळं काढलं. ते डीएनएला एका जागी धरतं आणि धागा आपल्यातून ओढत ओढत फास मोठा करत जातं. पट्टा बकलातून खेचावा तसं. हे अंदाजाने बोललं जायचं, ते २०१८ मध्ये डेल्फ्ट आणि हायडलबर्गच्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष कॅमेऱ्यात पकडलं. यीस्टचं एकेक कंडेन्सिन चमकत्या डीएनएवर बसून सेकंदाला जास्तीत जास्त दीड हजार जोड्या या वेगाने फास ओढत होतं.

त्याच वर्षी गुणसूत्र बनतानाचा मिनिटामिनिटाचा हिशेबही आला. गिबकस आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवून धरल्या, मग एकदम सोडल्या, आणि दर काही मिनिटांनी डीएनएचा कोणता भाग कोणाच्या शेजारी आहे ते मोजलं. सुरुवातीलाच रोजच्या कामाची जुनी मांडणी मोडली जाते. मग साधारण ६० हजार जोड्यांच्या फासांची रांग उभी राहते. हे काम कंडेन्सिन-२ करतं, ते आधीपासून केंद्रकात असतं. केंद्रकाची भिंत विरघळली की बाहेर थांबलेलं कंडेन्सिन-१ आत येतं. आता मोठे फास साधारण ४ लाख जोड्यांचे होतात आणि त्यांच्या पोटात ८०-८० हजारांचे लहान फास पडतात. मधला कणा गोल जिन्यासारखा वळत जातो, आणि शेवटाकडे त्या जिन्याच्या एका पूर्ण वळणात सुमारे १ कोटी २० लाख जोड्या मावतात.

आपला तुकडा यात बसवून बघू. आकडे कोंबडीच्या पेशींचे आहेत, पण अंदाज येतो. ३० लाख जोड्या म्हणजे सात-आठ मोठे फास, त्यांच्या आत सदतीस-अडतीस लहान फास, प्रत्येक लहान फासात ४०० न्यूक्लिओसोम. आणि जिन्याच्या वळणाचा जेमतेम पाव भाग. एक मिलिमीटरचा धागा जिन्याच्या दोन-चार पायऱ्यांत संपला.

फास ओढताना धागे एकमेकांत अडकणारच. तिथे टोपोआयसोमरेज-२ हे एंझाइम लागतं. ते एक धागा पूर्ण कापतं, दुसरा त्यातून जाऊ देतं, आणि कापलेला पुन्हा सांधतं. ते नसेल तर दोन प्रती वेगळ्या होत नाहीत, ओढाताणीत मध्ये पूल राहतात. कर्करोगाची काही औषधं याच एंझाइमला कापल्यानंतर सांधू देत नाहीत, आणि पेशी मरते.

कोणाचा वाटा किती हे ठरवायला हिरानोंच्या गटाने दोन प्रयोग केले. २०१५ मध्ये सहा घटक, म्हणजे हिस्टोन, त्यांना डीएनएवर बसवणारी तीन मदतनीस प्रथिनं, टोपोआयसोमरेज-२ आणि कंडेन्सिन-१, एवढ्यांतून परीक्षानळीत गुणसूत्रासारख्या कांड्या तयार करून दाखवल्या. दोन वर्षांनी उलटा प्रयोग केला. बेडकाच्या अंड्याच्या अर्कात उंदराच्या शुक्रपेशीचा डीएनए घातला आणि न्यूक्लिओसोम तयारच होणार नाहीत अशी व्यवस्था केली. तरीही गुणसूत्रासारखा आकार उभा राहिला, मधला कंडेन्सिनचा कणाही जागेवर होता! फक्त बाहेरचा भाग नीट आवळला गेला नाही, ढगासारखा विरळ राहिला. म्हणजे कणा आणि आकार कंडेन्सिनचा, भरगच्चपणा न्यूक्लिओसोमचा. मणी एकमेकांना चिकटण्यात मॅग्नेशियमचाही हात आहे. विभाजनाच्या वेळी पेशीत मोकळं मॅग्नेशियम वाढतं आणि ते ऋणभाराचं ढकलणं कमी करतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. लांबी आठ हजार पट कमी होते, पण क्रोमॅटिनची दाटी रोजच्या केंद्रकाच्या तुलनेत फक्त दोन-तीन पटच वाढते. विभाजनाच्या वेळी पेशी डीएनए दाबून बारीक करत नाही, तर पसरलेला ढीग उचलून आखूड, सुट्या कांड्यांत लावते.

पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली

कॅरिओटाइपसाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीनेक दिवस वाढवतात. त्यांना दुभंगायला भाग पाडायला राजम्यापासून काढलेला पदार्थ घालतात. मग कोल्सेमिड घालून विभाजन नेमकं गुणसूत्रं आवळलेली असताना थांबवतात, पेशी पातळ क्षाराच्या पाण्यात फुगवतात, काचेवर टाकतात आणि रंग देतात. गुणसूत्रांवर आडवे काळे-पांढरे पट्टे उमटतात. तज्ज्ञ हे पट्टे वाचतो.

बावीस नंबरचं गुणसूत्र २ मायक्रॉन लांब आणि त्यात ५ कोटी १० लाख जोड्या, तर ३० लाखांच्या वाट्याला किती? साधारण ०.१२ मायक्रॉन. आणि चांगल्यात चांगल्या नेहमीच्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दोन बिंदू वेगळे दिसायला किमान ०.२ मायक्रॉन अंतर लागतं. ही मर्यादा प्रकाशाच्या लहरींची आहे, भारीतली लेन्स घेतली म्हणून ती हटत नाही. गायब तुकडा मर्यादेच्या खाली गेला. दोन बावीस नंबर शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा ०.१२ मायक्रॉनने आखूड, आणि काचेवर पसरताना याहून जास्त फरक आपसूकच पडतो.

रिपोर्टात कुठेतरी ‘बँड लेव्हल’ असा आकडा असतो, ४००, ५५० किंवा ८५०. लोक तो वाचत नाहीत, पण खरी माहिती त्यातच आहे. अख्ख्या जनुकसंचात, म्हणजे सुमारे ३१० कोटी जोड्यांत, एवढे पट्टे मोजता आले असा त्याचा अर्थ. ४०० असेल तर एका पट्ट्यात सरासरी पाऊण कोटीहून जास्त जोड्या. ५५० ला सुमारे ५६ लाख. ८५० लासुद्धा ३६ लाख. म्हणजे सगळ्यात बारीक पट्टाही सरासरीने आपल्या तुकड्यापेक्षा मोठाच. कोल्सेमिड जास्त वेळ राहिलं की कंडेन्सिनचं काम चालूच राहतं, गुणसूत्रं आणखी आखूड होतात, शेजारचे पट्टे एकमेकांत मिसळतात आणि हा आकडा घसरतो. रक्त लॅबला उशिरा पोहोचलं, पेशी नीट वाढल्या नाहीत, तरीही पट्टे खराब येतात.

फिशमध्ये युक्ती वेगळी. तिथे लांबी मोजायचीच नाही. गायब होऊ शकणाऱ्या भागाला जुळणारा चमकता डीएनए तुकडा सोडतात, आणि त्याच गुणसूत्राच्या दुसऱ्या टोकासाठी वेगळ्या रंगाचा. दोन्ही बावीस नंबरांवर दोन्ही रंग दिसले तर तुकडा आहे. एकावर फक्त टोकाचा रंग दिसला तर नाही. ठिपका धूसर असला तरी चालतं, तो आहे की नाही एवढंच बघायचं असतं. मात्र फिश ज्या जागेबद्दल विचाराल तेवढंच सांगते, म्हणून डॉक्टरांना आधी संशय यावा लागतो.

मायक्रोअॅरे ही तिसरी तपासणी तर गुणसूत्रापर्यंत जातच नाही. तिच्यात पेशी फोडून हिस्टोन, कंडेन्सिन सगळी प्रथिनं पचवून टाकतात, उघडा डीएनए काढतात आणि प्रत्येक भागाच्या किती प्रती आहेत ते मोजतात. आवळण्याचा प्रश्नच संपतो, ३० लाखांहून कितीतरी लहान तुकडेही सापडतात. म्हणूनच तिला जिवंत पेशी लागत नाहीत आणि रक्त बहुधा जांभळ्या झाकणाच्या बाटलीत घेतात. कॅरिओटाइपला पेशी वाढवायच्या असतात, त्यामुळे तिथे हिरव्या झाकणाची हेपॅरिनची बाटली लागते आणि नमुना लवकर पोहोचावा लागतो. पण मायक्रोअॅरेलाही एक गोष्ट दिसत नाही. एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्यावर जाऊन बसला आणि एकूण प्रती तितक्याच राहिल्या, तर मोजणीत काहीच फरक पडत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत नेमकं हेच शोधायचं असतं, आणि त्यांच्यासाठी पट्टे बघणारी जुनी कॅरिओटाइपच लागते.

बावीस नंबरच्या तुकड्याचं निदान झालं की आई-वडिलांचीही तपासणी सुचवतात. दहापैकी सुमारे नऊ मुलांत हा बदल नव्याने झालेला असतो, आई-वडिलांत तो नसतो. उरलेल्यात तो दोघांपैकी एकाकडून आलेला असतो, कधीकधी त्या व्यक्तीला आयुष्यभर काही जाणवलेलंही नसतं. तसं निघालं तर पुढच्या प्रत्येक बाळाला तो जाण्याची शक्यता निम्मी. ही तपासणी मागताना फिश किंवा मायक्रोअॅरे असं नाव घेऊनच मागावी लागते. नुसतं ‘गुणसूत्रांची तपासणी’ म्हटलं तर बहुतेक ठिकाणी कॅरिओटाइपच होते.